कॅमेऱ्यातली उंची जुळली, पण कुणाकुणाशी?

गेल्या मे महिन्यात गुहागर तालुक्यातल्या आमच्या शेजारच्या वाडीत एका व्यापाऱ्याच्या पडवीतून रात्री काजू बीची दोन पोती गेली. खळ्यातल्या मांडवाच्या खांबावर कॅमेरा होता. त्यात एक माणूस भिंतीच्या कडेने चालत येताना दिसतो. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, चेहरा जवळजवळ झाकलेला. सकाळी ती क्लिप वाडीच्या ग्रुपवर फिरली आणि दुपारपर्यंत एका मुलाचं नाव ठरलं. तो त्याच व्यापाऱ्याकडे कामाला येत असे. पुरावा काय, तर उंची. कुणीतरी मागच्या भिंतीतले चिऱ्याचे थर मोजले होते. आठ थरांना जरा कमी. एक थर दर्जेसकट, म्हणजे मधल्या सांध्यासकट, वीस सेंटीमीटरचा, म्हणजे उंची पाच फूट दोन इंच. "पोरगा तेवढाच हाय, अजून काय पायजे?" असं सगळे म्हणत होते. त्या मुलाची उंची मात्र कुणीच मोजली नव्हती.

मी जमीन मोजणीचं काम करतो. उंची काढणं हे माझं रोजचं काम, म्हणून त्या व्यापारी काकांनी मला बोलावलं. त्या दोन दिवसांत जे मोजलं, ते इथे सविस्तर सांगतो. कॅमेऱ्यातून उंची काढता येते, आणि बऱ्यापैकी चांगली काढता येते. तरीही त्या उंचीवरून एका माणसावर बोट ठेवता येत नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत आणि सगळी गफलत तिथेच होते.

आधी चिऱ्यांचा हिशेब बघू. भिंत ही पट्टी म्हणून वापरायला हरकत नाही, पण माणूस भिंतीला चिकटून असेल तरच. हा माणूस भिंतीपासून साधारण एक फूट अलीकडून चालत होता. कॅमेरा जमिनीपासून २.७ मीटर उंच आणि त्या माणसापासून चार मीटर लांब. कॅमेरा वरून खाली बघतो, त्यामुळे त्याची नजर माणसाच्या डोक्याला स्पर्श करून पुढे खाली उतरत जाते आणि भिंतीला डोक्यापेक्षा खालच्या जागी लागते. खळ्यात दोरी ताणून हे दाखवता येतं, मी काकांना तसंच दाखवलं. दोरीचं एक टोक कॅमेऱ्याला धरलं, दोरी माणसाच्या डोक्यावरून नेली आणि भिंतीला टेकवली. या मांडणीत दर दहा सेंटीमीटर मागे गेलं की दोरी सुमारे २.६ सेंटीमीटर खाली येते. एका फुटाला जवळजवळ आठ सेंटीमीटर. म्हणजे थर मोजणाऱ्याने बरोबर मोजले होते, पण त्याला मिळाली ती भिंतीवरच्या एका खुणेची उंची. माणूस तिच्यापेक्षा आठ सेंटीमीटर उंच दिसायला हवा होता.

ग्रुपवरची क्लिप आणखी एका कारणाने कामाची नव्हती. मोबाइलच्या ॲपवर रेकॉर्डर सहसा हलकं, कमी ठिपक्यांचं चित्र पाठवतो, म्हणजे नेट कमी लागतं. मूळ रेकॉर्डिंग १९२० बाय १०८० ठिपक्यांचं होतं. अशा रुंद भिंगाच्या कॅमेऱ्यात चार मीटरवर एक ठिपका साधारण चार मिलिमीटरचा पडतो. हलकं चित्र ३५२ बाय २८८ चं असेल, तर तोच ठिपका उभ्या मापात जवळजवळ दीड सेंटीमीटरचा होतो. डोक्याची कड एक ठिपका वर धरली की खाली, यातच बोटभर फरक पडला. त्यात चित्र फोनच्या पडद्यावर बसवताना कधी उभं ताणलं जातं, कधी आडवं. म्हणून पहिली गोष्ट, रेकॉर्डरमधून मूळ फाइल काढून घ्यायची आणि मोजणी फक्त तिच्यावर करायची.

मग खरी मोजणी. या कामातले जाणकार जी रीत चांगली मानतात ती ऐकायला अगदी साधी आहे. तोच कॅमेरा, त्याच जागी, न हलवता. चोर ज्या क्षणी जिथे उभा होता तिथे उभी पट्टी ठेवायची, त्याच रेकॉर्डरवर तिचं चित्रण घ्यायचं आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवायची. पट्टीच्या कुठल्या आकड्याला डोकं लागतं तो वाचायचा. माझ्याकडे लेव्हलिंगचा स्टाफ, म्हणजे मोजणीची आकडे असलेली उभी पट्टी, होताच. या रीतीत भिंगाचा वाकडेपणा आपोआप निघून जातो. स्वस्त रुंद भिंगात चित्राच्या कडेला असलेली सरळ चौकट फुगल्यासारखी दिसते. पण माणूस जितका वाकतो तितकीच पट्टीही वाकते, कारण दोघं एकाच जागी, एकाच भिंगातून दिसतात. कोन किती, भिंग किती मिलिमीटरचं, याची गणितं करायची गरज उरत नाही.

गरज उरते ती जागेची. चोराचं पाऊल नक्की कुठे होतं? रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडात कोब्यावर पायाची सावली आणि चप्पल एकच काळा डाग होतो. टाच कुठे संपते ते दिसत नाही. इथे दहा सेंटीमीटर चुकलं की मघाचेच अडीच सेंटीमीटर उंचीत येतात. मी तीन वेगवेगळ्या फ्रेममध्ये पाऊल धरून बघितलं आणि तिन्ही वेळा आकडा थोडा वेगळा आला. शिवाय कॅमेरा चोरीनंतर हलला नाही याची खात्री करावी लागते. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने क्लॅम्प गंजतो आणि वळिवाच्या एका सरीत कॅमेरा बोटभर झुकतो. त्यामुळे भिंतीचा कोपरा, खिडकीची चौकट, नळाचं तोंड अशा न हलणाऱ्या खुणा जुन्या आणि नव्या चित्रात तंतोतंत जुळतात का ते आधी बघितलं. नशिबाने जुळत होत्या. जुळल्या नसत्या तर मी मोजणीच केली नसती.

आता चोराकडे येऊ. चालणारा माणूस एका उंचीचा नसतो. एक पाय सरळ अंगाखाली येतो तेव्हा डोकं सगळ्यात वर असतं. दोन्ही पाय फाकून जमिनीला टेकतात तेव्हा ते सगळ्यात खाली येतं. साध्या चालण्यातही हा फरक चार-पाच सेंटीमीटरचा असतो. त्यात मान खाली घातली, गुडघे जरा वाकवून दबकत चाललं, की आणखी कमी. पोतं पाठीवर घेतल्यावर तर माणूस पुढे वाकतोच, म्हणून परत जातानाच्या फ्रेम मी सोडूनच दिल्या. उलट चप्पल दीड-दोन सेंटीमीटर वाढवते आणि डोक्याचा टॉवेल किती वाढवतो ते त्याच्या घड्यांवर. आपल्याला पाहिजे असते ती अनवाणी, ताठ उभ्या माणसाची उंची. चित्रात दिसते ती चप्पल घातलेल्या, टॉवेल गुंडाळलेल्या, चालत्या, खाली बघणाऱ्या माणसाची.

या दोन उंचीतला फरक अंदाजाने ठरवायचा नसतो, तोही मोजायचा असतो. पुष्कळ ठिकाणी हीच पायरी गाळली जाते. नेदरलँड्सच्या न्यायवैद्यक संस्थेतल्या तज्ज्ञांनी हे काम पद्धतशीर केलं आहे. ज्यांची खरी उंची माहीत आहे अशी माणसं त्याच कॅमेऱ्यासमोर, त्याच जागी, त्याच पवित्र्यात आणायची. त्यांची उंची चित्रावरून काढायची आणि खऱ्या उंचीशी ताडून बघायची. आपली पद्धत सरासरी किती चुकते आणि त्या चुकीत किती चढउतार आहे, हे तेव्हा कळतं.

काकांच्या खळ्यात आम्ही सहा जण जमवले. प्रत्येकाला भिंतीला टेकवून, अनवाणी, डोक्यावर गुण्या धरून मोजलं. मग चप्पल घालायला लावली, डोक्याला टॉवेल गुंडाळला, रात्री दिवे बंद केले आणि त्या चोरासारखंच भिंतीच्या कडेने चालायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी चित्रावरून आकडे काढले. एकाचा आकडा खऱ्या उंचीइतकाच आला. बाकीच्यांचे एक, दोन, तीन, चार आणि पाच सेंटीमीटर कमी आले. म्हणजे सरासरी अडीच सेंटीमीटर कमी. पण हा अडीचचा आकडा कुणाच्याच वाट्याला नेमका आलेला नव्हता, हे लक्षात घ्या. सरासरी चूक दुरुस्त करता येते, ती मिळवली की झालं. माणसागणिक बदलणारी चूक दुरुस्त करता येत नाही, ती सोबत वागवावी लागते.

चोराचं डोकं स्टाफवर १६४.५ ला लागत होतं. अडीच मिळवले, १६७ झाले. सहा माणसांच्या आकड्यांत जो चढउतार होता आणि माणसं सहाच होती, ते दोन्ही धरून हिशेब केला तर शंभरातल्या ९५ वेळा खरी उंची ज्या पट्ट्यात असेल तो पट्टा दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटीमीटरचा निघाला. म्हणून उत्तर असं: चोराची उंची १६२ ते १७२ सेंटीमीटर. म्हणजे पाच फूट चार इंचांपासून पाच फूट पावणेआठ इंचांपर्यंत.

त्याच संध्याकाळी त्या मुलालाही मोजलं. १६७.

काकांचा चेहरा उजळला. "बघ, बरोब्बर!" मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, कारण माझ्या मोजणीने त्या पोराचं नुकसान व्हायची वेळ आली होती आणि मोजणीत काही चूकही नव्हती. ग्रुपवरच्या चुकीच्या आकड्याने तो मुलगा खरं तर सुटत होता, बरोबर आकड्याने सापडल्यासारखा दिसत होता. म्हणून मी काकांना म्हटलं, आता दुसरा हिशेब करू. हा आकडा आणखी किती जणांशी जुळतो तो.

भारतातल्या प्रौढ पुरुषांची सरासरी उंची १६५ सेंटीमीटरच्या आसपास आहे आणि बहुतेक माणसं तिच्या आजूबाजूलाच दाटीने असतात. उंचीचा पसारा मोजायचं जे माप असतं, प्रमाण विचलन, ते साधारण साडेसहा सेंटीमीटर धरता येतं. या दोन आकड्यांवरून हिशेब केला तर १६२ ते १७२ या पट्ट्यात शंभरातले ५४ पुरुष बसतात. आमच्या त्या वाडीत आणि लगतच्या दोन वाड्यांत मिळून चारशे प्रौढ पुरुष धरले, तर दोनशे पंधरा. आमच्या सहा जणांतले चार त्या पट्ट्यात होते. त्यात काकांचा सख्खा पुतण्या होता, १६८ चा. मीही आहे, १७० चा.

काकांनी मग जो प्रश्न विचारला तो अगदी रास्त होता. "तुझा पट्टा मोठा आहे म्हणून असं होतंय. भारी कॅमेरा लावला असता तर?" बरं, समजा, अगदी आदर्श कॅमेरा लावला, चोर ताठ उभा राहिला, अनवाणी, उघड्या डोक्याने, आणि चूक फक्त एक सेंटीमीटर इकडे की तिकडे. म्हणजे १६६ ते १६८. या दोन सेंटीमीटरच्या फटीतही शंभरातले बारा पुरुष बसतात. चारशेतले जवळजवळ ४७. अडचण फक्त कॅमेऱ्याची असती तर कॅमेरा सुधारून सुटली असती. उंचीच मुळात वाटून घेतलेली गोष्ट आहे. बोटाचा ठसा एकेकट्याचा असतो, उंची शंभरात बारा जणांची. आणि त्यापलीकडे बारीक मोजून उपयोगही नाही, कारण माणूस सकाळी उठल्यावर असतो त्यापेक्षा संध्याकाळी एक-दोन सेंटीमीटर कमी भरतो. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात. ज्या गोष्टीची खरी किंमतच दिवसात दोन सेंटीमीटर हलते, ती मिलिमीटरमध्ये सांगणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवणार नाही.

जुळण्याला काहीच किंमत नाही का? आहे, पण ती किती तेही मोजता येतं. चोर हाच मुलगा असेल, तर त्याची उंची आपल्या पट्ट्यात येण्याची शक्यता शंभरात ९५. चोर दुसराच कुणी असेल, तर या मुलाची उंची योगायोगाने त्या पट्ट्यात येण्याची शक्यता शंभरात ५४. दोन्हींची तुलना करा, दुप्पटही होत नाही. पट्टा सोडून नेमका १६७ हाच आकडा धरून बारकाईने गणित मांडलं, तरी जुळणीचं वजन साधारण तीनपट येतं. म्हणजे आधी त्याच्यावर जितका संशय होता तो तीनपट झाला. आधी काहीच आधार नसेल, चारशेतला एक एवढाच असेल, तर आता तो १३०-१३५ मधला एक झाला. एवढ्यावर कुणाला चोर म्हणता येत नाही.

चोर १८५ सेंटीमीटरचा, म्हणजे सहा फुटांहून उंच निघाला असता तर चित्र वेगळं असतं. १८० ते १९० या पट्ट्यात शंभरातला जेमतेम एकच पुरुष बसतो, चारशेत चार. तिथे उंची बरंच काही सांगते. तरीही चार. आणि वाडीत बाहेरून कुणी आलंच नाही हे कुणी सांगावं? मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, काजू-आंबा उचलायला ट्रक येतात, बंदरावर परगावच्या बोटी लागतात. चारशे हा आकडा मी काकांना समजावं म्हणून धरला होता. खरा आकडा त्याहून मोठाच.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती चटकन ध्यानात येत नाही. हा मुलगा संशयित झाला कसा? क्लिप बघून, अंगकाठी आणि उंची सारखी वाटली म्हणून. मग त्याची उंची मोजली आणि ती जुळली. जुळणारच. उंचीवरूनच निवडलेल्या माणसाची उंची जुळली, यात नवीन काहीच कळलं नाही. तेच वजन दोनदा काट्यावर ठेवल्यासारखं झालं. उंचीच्या जुळणीला मघाची तीनपट किंमत तेव्हाच मिळते, जेव्हा संशय दुसऱ्याच कारणाने आलेला असतो. समजा, पोत्यांची विक्री करताना कुणी सापडला, आणि नंतर उंची बघितली.

लोक स्वतःची उंची सांगतात तिच्यावरही विसंबू नये. आपल्याकडे १६३ चा माणूसही "साडेपाच फूट" म्हणतो आणि १७० चाही. त्यामुळे ऐकीव उंची कॅमेऱ्यातल्या उंचीशी जुळली असं कुणी म्हटलं, तर आधी विचारावं की माणूस मोजला कधी, कुणी, चप्पल काढून का.

या मोजणीचं खरं बळ दुसऱ्या बाजूला आहे. ती माणसाला वगळू शकते. ग्रुपवर दुसरं एक नाव दबक्या आवाजात घेतलं जात होतं. तो माणूस मोजला तर १७८ भरला. आमच्या १६७ पासून अकरा सेंटीमीटर लांब, पट्ट्याच्या खूप बाहेर. आमच्या सहा जणांत सगळ्यात मोठी चूक पाच सेंटीमीटरची होती, आणि सरासरीपासूनचं अंतर धरलं तर अडीचच सेंटीमीटरची. अकरा सेंटीमीटर खाली दिसायला त्याला चांगलंच वाकून चालावं लागलं असतं आणि चित्रात गुडघे-पाठ वाकलेली दिसत नव्हती. वगळतानाही हे पवित्र्याचं बघावंच लागतं, नाहीतर उलटी चूक होते. पण हे बघितल्यावर मी ठामपणे म्हणू शकलो की हा माणूस तो नव्हे. एक माणूस वगळायला एक आकडा पुरतो. एक माणूस ठरवायचा, तर बाकीचे सगळे वगळावे लागतात.

बीटचे हवालदार आले तेव्हा काकांनी माझा कागद त्यांच्या हाती दिला. मी त्यावर लिहिलं होतं: "चित्रातील व्यक्तीची अनवाणी उंची १६२ ते १७२ सें.मी. सदर मुलाची उंची १६७ सें.मी. मोजणीवरून तो वगळला जात नाही. या पट्ट्यात परिसरातील निम्म्याहून अधिक प्रौढ पुरुष बसतात, त्यामुळे तोच इसम आहे असे या मोजणीवरून म्हणता येत नाही." हवालदारांनी शेवटची ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, मूळ रेकॉर्डिंग कुठंय. रेकॉर्डर पंधरा दिवसांनी जुनं पुसून त्यावर नवं घेणारा होता, नऊ दिवस गेले होते. त्यांनी तो पंचनामा करून ताब्यात घेतला, पडवीच्या कडीवर ठसे घ्यायला माणूस बोलावला आणि त्या आठवड्यात तालुक्यात सुटी काजू बी कुणी कुणी विकली त्याची चौकशी सुरू केली. मुलगा दुसऱ्या दिवसापासून काकांकडे कामाला परत आला.